कंपनी सोडतोय, निरोपाची पोस्ट लिहिलीय, टाकायच्या आधी जरा बघून सांगा (उद्यमबाग)

उद्यमबागचा_मेथडवाला

नमस्कार मंडळी. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नऊ वर्षं मेथड्सला आहे, येत्या शनिवारी शेवटचा दिवस. राजीनामा, नोटीस पिरियड सगळं रीतसर झालंय, भांडण वगैरे काही नाही. पुढे मी आणि माझा एक मित्र मिळून मच्छेला छोटं ऑफिस टाकतोय, गेटिंग-रायझरचं डिझाइन आणि सिम्युलेशन करून द्यायचं, ज्या लहान फाउंड्रींना स्वतःचा मेथड्सचा माणूस ठेवणं परवडत नाही त्यांच्यासाठी. पण जागेचं अॅग्रीमेंट अजून झालेलं नाही म्हणून ते उघड सांगायचं नाही, नुसतं सूचित करायचं आहे.

लिंक्डइनवर टाकायला खालचं लिहिलंय. मला खरंच कुणाला दुखवायचं नाही, ज्या लोकांबरोबर काम केलं त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत. कसं वाटतं सांगा.

"मित्रांनो, नऊ वर्षांचा प्रवास आज संपतोय. तुटपुंज्या साधनांत आणि कायम माणसं कमी असताना आमच्या टीमने जे करून दाखवलं त्याचा मला अभिमान आहे. एका मोठ्या ट्रॅक्टर कंपनीच्या हौसिंगचं रिजेक्शन आम्ही १४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणलं. मोल्डिंग, कोअर शॉप, मेल्टिंग, फेटलिंग, क्वालिटी सगळ्यांचे आभार. (इथे पंधरा-वीस जणांची नावं टॅग करणार आहे.) या कंपनीने मला संयम शिकवला. आता अशा ठिकाणी चाललोय जिथे मोकळेपणाने काम करता येईल. लवकरच कळवेन. कास्टिंगच्या मेथडिंगमध्ये कुणाला मदत लागली तर जरूर संपर्क करा."

सोबत पॅटर्न स्टोअरसमोर काढलेला ग्रुप फोटो टाकणार आहे.

चंदगडी_पोरगा

भारी लिहिलंय दादा. फक्त भाषण म्हणून जरा लांब होतंय, निरोप समारंभात माइक हातात आला की दोन मिनिटांच्या वर कुणी ऐकत नाही, सगळ्यांचं लक्ष नाश्त्याकडे. सुरुवातीला मॅनेजमेंटचं नाव घ्या, मग हार-तुरे झाले की टीमचं. आणि कुंदा मागवला असेल तर आधी वाटू नका.

उद्यमबागचा_मेथडवाला

अरे भाषण नव्हे, लिंक्डइनची पोस्ट आहे. समारंभ शुक्रवारी संध्याकाळी आहे, तिथे चार शब्द बोलेन, ते वेगळं. कुंद्याचं लक्षात ठेवतो.

सुलभा_टिळकवाडी

मी बरीच वर्षं एका मशिनिंग कंपनीत एचआरला होते, अशा पोस्टी येताना आणि त्यावरून उठलेली वादळं दोन्ही पाहिलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

तुम्ही म्हणताय की कुणाला दुखवायचं नाही, आणि ते मला पटतं. पण पोस्टमध्ये तीन वाक्यं अशी आहेत जी टीका म्हणून वाचली जाणार. "तुटपुंज्या साधनांत आणि माणसं कमी असताना" हे तुम्ही टीमच्या कौतुकासाठी लिहिलंय, पण मालक वाचणार की मी साधनं देत नव्हतो, माणसं भरत नव्हतो. "संयम शिकवला" हे वाक्य तर प्रत्येक निरोपाच्या पोस्टमध्ये असतं आणि त्याचा अर्थ वाचणाऱ्याला नेमका कळतो, की इथे खूप सोसलं. आणि तिसरं, "अशा ठिकाणी चाललोय जिथे मोकळेपणाने काम करता येईल". म्हणजे इथे नव्हतं. पुढच्या कामाबद्दल लिहिताना हे सगळ्यांचं होतं. नवीन जागेचं चांगलं सांगायला जावं तर जुन्या जागेशी तुलना आपोआप होते. म्हणून पुढच्याबद्दल लिहिताना "जिथे", "आता तरी", "शेवटी", "पहिल्यांदाच" असले शब्द आले की मी ते वाक्य बाजूला काढून बघायची. काय काम, कुठे, कधी कळेल, एवढंच ठेवायचं. ते कसं असेल ते लिहायचं नाही.

दुसरं म्हणजे तो १४ आणि ४ चा आकडा. तो काढाच. तुम्हाला वाटतं की त्यात टीमचं यश दिसतं. पण ग्राहकाचा परचेसवाला वाचतो तेव्हा त्याला दिसतं की आपला माल एके काळी १४ टक्के रिजेक्शनच्या लाइनवरून येत होता. आणि आज जरी ४ असलं तरी पुढच्या रेट निगोशिएशनला तो आकडा टेबलावर येतो. नाव लिहिलं नसलं तरी बेळगावात ट्रॅक्टरचं हौसिंग कोण ओततं हे लोकांना कळायला वेळ लागत नाही. तो आकडा तुमच्या मेहनतीचा असला तरी माहिती कंपनीची आहे, आणि तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये गोपनीयतेचं कलम असणारच. काढून बघा एकदा.

खानापूरचा_पाव्हणा

ताई एवढं घाबरवू नका हो त्यांना. कायदा बघा, इंडियन काँट्रॅक्ट अॅक्ट १८७२, कलम २७, कुणाच्या धंदा-व्यवसायावर बंधन घालणारा करार रद्दबातल. लेटरमध्ये काहीही लिहून घेऊ दे, कोर्टात टिकत नाही. माझ्या साडूने तर कंपनी सोडली आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारच्याच प्लॉटमध्ये मशीन टाकलं, कुणी काही केलं नाही. बिनधास्त लिहा, नवीन धंद्याचं नाव, नंबर सगळं टाका, पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं पाहिजे.

सुलभा_टिळकवाडी

पाव्हणे, कलम २७ चं बरोबर सांगितलंत, पण ते अर्धंच आहे. नोकरी सोडल्यावर "दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही" असं बंधन आपल्याकडे टिकत नाही हे खरं. पण नोकरीत असताना टिकतं, सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच तसं मान्य केलंय. आणि हे दादा शनिवारपर्यंत नोकरीतच आहेत, नोटीस पिरियड म्हणजे सुट्टी नव्हे. आत्ता नवीन धंद्याची जाहिरात केली तर नोकरीत असताना स्पर्धा केली असं म्हणता येतं.

दुसरं, लेटरमधलं गोपनीयतेचं कलम या कायद्यातल्या कलम २७ मुळे उडत नाही. ग्राहकाचं ड्रॉइंग, किमती, रिजेक्शनचे आकडे, कुठला ग्राहक कुठला माल घेतो, हे सोडल्यानंतरही बाहेर काढायचं नसतं.

आणि शेवटचं वाक्य, "मदत लागली तर जरूर संपर्क करा", हे सगळ्यात अवघड. लिंक्डइनवर दादांचे जे हजार-दोन हजार कनेक्शन असतील त्यात त्यांच्या कंपनीचे ग्राहक आहेतच. लेटरमध्ये कंपनीचे ग्राहक किंवा माणसं ओढायची नाहीत असं कलम असेल तर ही ओळ त्यात बसते की नाही, यावर वकिलांचंही एकमत नसतं. एकेकाला फोन करून बोलावणं आणि सगळ्यांसाठी उघड लिहिणं यात फरक आहे असं काही म्हणतात, काही म्हणतात हेतू तोच. मग ती ओळ ठेवायचीच कशाला?

अक्षता_ह

मी हत्तरगीला एअरोस्पेसमध्ये आहे, आमच्याकडे शॉपवर मोबाइलच चालत नाही म्हणून ही सवय लागलीय, फोटो बघितला की आधी मागे काय आहे ते बघायचं. पॅटर्न स्टोअरसमोरचा फोटो म्हणताय, पॅटर्नवर पार्ट नंबर लिहिलेला असतो ना? बऱ्याचदा रॅकला ग्राहकाच्या नावाची पट्टीही असते. मोबाइलचा फोटो आजकाल झूम केला की पट्टी वाचता येते. आणि पॅटर्न हा बऱ्याच ठिकाणी ग्राहकाने पैसे देऊन करून घेतलेला असतो, म्हणजे मालही त्याचाच. कँटीनच्या बाहेर किंवा गेटजवळ झाडाखाली काढा. टेबलावर रूट कार्ड, इन्स्पेक्शन रिपोर्ट पडलेत का तेही बघा.

शहापूरकर_आजोबा

काय लिहूलास ते वाचलं बाळ. मी मोल्डिंगला सुपरवायझर होतो, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. पंधरा-वीस जणांची नावं घालणार म्हणालास, तेवढं करू नको. विसावं नाव लिहिशील आणि एकविसावा दुखावेल, तो सोमवारी चहाला सगळ्यांना सांगणार की साहेबांनी माझं नाव नाही घातलं. आणि जी नावं घालशील त्यात काँट्रॅक्टचा एक तरी माणूस असेल का? भट्टीवर, फेटलिंगला निम्मी माणसं काँट्रॅक्टची, ओडिशा-बिहारची पोरं. त्यांचं लिंक्डइन नाही, टॅग काय करणार. पण काम त्यांनीच केलेलं असतंय की.

आणि एक गोष्ट. ते तुझं इंग्रजी-मराठी लिंक्डइन शॉपवर कोण वाचणार? निम्मे कन्नड बोलणारे. शॉपच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेगळं लिही, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये, चार ओळी. कन्नड कुणाकडून तरी लिहून घे, मोबाइलकडून करून घेऊ नको. आणि भट्टीच्या पोरांना शिफ्ट सुटताना जाऊन भेट.

सुलभा_टिळकवाडी

आजोबांनी लाखातलं सांगितलं. नावांबद्दल माझी आणखी एक भर. "बेळगावातला सगळ्यात हुशार मेल्टर अमुक अमुक" असं टॅग करून लिहिलं की दुसऱ्या फाउंड्रीला आयती यादी मिळते, कुणाला फोन करायचा ती. मालकाला हे लगेच कळतं. आणि उद्या त्यातलाच एखादा स्वतःहून दादांकडे मच्छेला आला तर ही पोस्टच पुरावा म्हणून समोर ठेवतील, की बघा, तेव्हापासूनच डोळा होता. म्हणून नावांच्या जागी खातं आणि त्या खात्याने केलेली एखादी नेमकी गोष्ट लिहा. आभार त्यानेच खरे वाटतात. "मोल्डिंग, कोअर शॉप, मेल्टिंग, फेटलिंग, क्वालिटी सगळ्यांचे आभार" ही ओळ कुठल्याही फाउंड्रीच्या कुठल्याही माणसाला लावता येते.

दादा, त्या हौसिंगचं रिजेक्शन खाली कसं आलं ते सांगा ना, इथेच, आकडे आणि ग्राहक सोडून.

उद्यमबागचा_मेथडवाला

सांगतो. ते मी पोस्टमध्ये घातलंच नव्हतं कारण लांब होईल वाटलं.

त्या हौसिंगमध्ये आत एक मोठा कोअर आहे. मशिनिंगला गेलं की कोअरच्या वरच्या बाजूच्या भिंतीत भोकं उघडी पडायची, कास्टिंग बाहेरून एकदम स्वच्छ, कट घेतला की भोक. आम्ही आधी वाळूचा ओलावा बघितला, मग पोअरिंग टेंपरेचर वाढवलं, मी दोनदा गेटिंग बदललं, फरक पडायचा पण टिकायचा नाही. भोकं गुळगुळीत, आतून चकचकीत आणि नेहमी कोअरच्याच वर, म्हणजे गॅस कोअरमधून येतोय हे कळत होतं. कोअर बांधायला जे रेझिन असतं ते गरम धातू लागला की जळून गॅस सोडतं, तो बाहेर जायला कोअरमध्ये व्हेंट म्हणजे आरपार भोक ठेवलेलं असतं. व्हेंट ड्रॉइंगप्रमाणे होतं, मी स्वतः मोजलेलं. तरी गॅस आत का अडकतो ते कळेना.

मग कोअर शॉपच्या एका मावशींनी दाखवलं. त्या कोअरला रंग म्हणजे कोटिंग लावायच्या. त्यांनी वाळलेला कोअर हातात घेऊन व्हेंटमध्ये फुंकर मारून दाखवली, हवा जाईना. कोटिंगमध्ये कोअर बुडवला की ते पातळ मिश्रण व्हेंटमध्ये शिरायचं आणि ओव्हनमध्ये वाळून आतून बुजवून टाकायचं. वरून बघितलं तर भोक दिसतंय, आत बंद. त्यांनीच सुचवलं की बुडवायच्या आधी व्हेंटमध्ये तार घालायची आणि थोडं सुकलं की ओढून काढायची. आणि ओव्हनमधून आल्यावर प्रत्येक कोअरला फुंकर. एवढंच. गेटिंग मी परत जुनं केलं तरी भोकं आली नाहीत.

खरं सांगायचं तर नऊ वर्षांत जे शिकलो त्यात हे सगळ्यात मोठं, आणि मला पोस्टमध्ये नेमकं हेच सांगायचं होतं की त्या लोकांमुळे मी मेथड्सचा माणूस झालो.

सुलभा_टिळकवाडी

हेच लिहा! याच्यात ग्राहक नाही, पार्ट नाही, टक्के नाहीत, आणि मावशींना जे मिळायला हवं ते मिळतंय. नाव न घालता सुद्धा कोअर शॉपमधल्या प्रत्येकाला कळेल कुणाबद्दल आहे.

खानापूरचा_पाव्हणा

पण मग हे गुपित नाही का? तारेची ट्रिक बाहेर सांगितली की दुसरी फाउंड्री करणार.

शहापूरकर_आजोबा

कसलं गुपित हाय त्यात. व्हेंट बुजू द्यायचं नाही हे कोअर शॉपमधल्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतात, तारही आमच्या टायमापासून वापरतात. ती बाई आपल्या डोळ्याने बघून सांगते हे महत्त्वाचं. पण एक सांगतो, "भोकं", "रिजेक्शन" हे शब्द पोस्टमध्ये नको. भोकं सगळ्यांच्यात येतात, पण लिहून कोण ठेवत नाही.

अक्षता_ह

आजोबांशी अर्धी सहमत. शब्द टाळा हे ठीक, पण कुठली अडचण होती ते अजिबात नाही सांगितलं तर गोष्टच राहत नाही. "एक कोअर आम्हाला सतावत होता" एवढं चालेल की. कुठलंही कास्टिंग सुरुवातीला सतावतंच, त्यात कंपनीची बदनामी नाही. आमच्याकडे मात्र एवढंही लिहू देत नाहीत, ग्राहकाचे नियम फार कडक आहेत. तुमच्या मालाच्या ग्राहकाशी कंपनीचा काही करार आहे का ते बघा.

निपाणी_राजू

मध्येच विचारतो, माफ करा. मी पण गेल्या वर्षी सोडली, पोस्ट सकाळी टाकली आणि संध्याकाळी नो-ड्यूजवर सही मिळाली नाही. स्टोअरवाले म्हणाले व्हर्नियर जमा नाही, मी जमा केलेला. रिलिव्हिंग लेटर यायला दोन महिने गेले आणि ग्रॅच्युइटी अजून आलेली नाही. मला वाटतं पोस्टमुळेच अडवली. पोस्टमध्ये मी काही वाईट पण लिहिलं नव्हतं. पोस्ट टाकल्यामुळे ग्रॅच्युइटी अडवता येते का?

सुलभा_टिळकवाडी

राजू, पोस्टमुळेच अडवली का ते इथून कुणी सांगू शकत नाही, व्हर्नियरचा घोळ खराही असेल. पण पोस्टमुळे ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. ती जप्त करायची कारणं कायद्यात ठरलेली आहेत, नुकसान केलं, दंगा-मारामारी केली, नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला, आणि त्यासाठी आधी नोकरीवरून काढलेलं असावं लागतं. तुम्ही राजीनामा दिलाय. पाच वर्षं सलग झाली असतील तर देणं लागतात, आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत. हिशेब निदान शेवटच्या बेसिक आणि डीएवर, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. समजा बेसिक-डीए २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० आणि नऊ वर्षांचे १,३५,०००. लेखी अर्ज दिलाय का? तोंडी मागितलं असेल तर आधी लेखी द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर लेबर ऑफिसला जाता येतं.

आणि दादा, राजूच्या गोष्टीतून तुमच्यासाठी एवढं घ्या, की पोस्ट शनिवारी सकाळी नको. नो-ड्यूजवर सगळ्या सह्या, लॅपटॉप जमा, रिलिव्हिंग लेटर हातात, मग. रविवारी किंवा सोमवारी टाकली तर काही बिघडत नाही. लिंक्डइनवर नोकरीची तारीख बदलताना नेटवर्कला कळवायचा पर्याय असतो तो बंद ठेवा, नाहीतर पोस्टच्या आधीच सगळ्यांना बातमी जाते.

निपाणी_राजू

लेखी नाही दिलं, फोनवरच विचारत होतो. देतो सोमवारी. थँक्यू ताई.

उद्यमबागचा_मेथडवाला

रात्री बसून परत लिहिलं. अपॉइंटमेंट लेटर काढून बघितलं, गोपनीयतेचं कलम आहे, आणि ग्राहक-कर्मचारी ओढायचे नाहीत हे एक वर्षासाठी आहे. आता असं आहे:

"उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी नऊ वर्षं मेथड्सचं काम केलं, शनिवारी ते संपलं. जे शिकलो ते कुणाकडून शिकलो ते सांगायचं आहे.

एक कोअर आम्हाला बरेच दिवस सतावत होता. मी कॉम्प्युटरवर उपाय शोधत होतो आणि कोअर शॉपमधल्या एका अनुभवी बाईंनी कोअर हातात घेऊन फुंकर मारली आणि हवा कुठे अडते ते दाखवलं. त्यानंतर मी कुठलंही डिझाइन कोअर शॉपमध्ये दाखवल्याशिवाय पुढे पाठवलं नाही.

मोल्डिंगने माझे बदल पॅटर्न मशीनवर चढवून त्याच शिफ्टमध्ये करून बघितले. भट्टीवरच्या लोकांनी ट्रायलचा हीट रात्री अडीचला असला तरी मी येईपर्यंत सॅम्पल जपून ठेवलं. फेटलिंगने गेट कुठे तोडायला अवघड जातो ते मला दाखवलं आणि मी जागा बदलली. क्वालिटीने माझ्या बाजूचा निकाल नसला तरी जसा आहे तसा लिहिला. मालकांनी ट्रायलला कधी नाही म्हटलं नाही. सगळ्यांचा ऋणी आहे.

पुढचं काम कास्टिंगचंच आहे आणि बेळगावातच. ठरलं की सांगेन."

मालकांची ओळ खरी आहे, मुद्दाम चढवून लिहिलेली नाही. बाकी काही गोष्टींवर आमचं पटलं नाही, पण ट्रायलला त्यांनी खरोखर कधी अडवलं नाही, म्हणून तेवढंच लिहिलं.

सुलभा_टिळकवाडी

खूप छान झालंय. मालकांची ओळ तर अशीच हवी, जे खरं आहे आणि चांगलं आहे तेवढं. "असामान्य नेतृत्व" वगैरे लिहिलं असतंत तर ज्यांना माहीत आहे त्यांना खोटं वाटलं असतं.

दोनच बदल सुचवते. "रात्री अडीचला" काढा, नाइट शिफ्टच्या तासांबद्दल कुणी काही अर्थ काढायला नको, "रात्री कितीही वाजता" पुरे. आणि पहिली ओळ. लिंक्डइनवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं बघायला दाबावं लागतं. "शनिवारी ते संपलं" ऐवजी कोअर शॉपची गोष्ट सुरुवातीला घेतली तर लोक वाचतील. पण हे मन सांगेल तसं.

खानापूरचा_पाव्हणा

मला अजून वाटतं की नवीन धंद्याची एक ओळ तरी ठळक हवी. "ठरलं की सांगेन" म्हणजे लोकांना वाटणार की दुसऱ्या कंपनीत चाललाय. उद्या ऑफिस उघडल्यावर परत नव्याने सगळ्यांना सांगत बसायचं. पोरांना शिकवायचं, ऑफिसचं भाडं द्यायचं, पहिली ऑर्डर लवकर आली तर बरं नव्हे का.

उद्यमबागचा_मेथडवाला

पाव्हणे, तुमचं म्हणणं कळतंय, मित्राचंही तेच मत आहे, आमची यावर बरीच चर्चा झाली. पण मला वाटतं की आभाराच्या पोस्टमध्ये गिऱ्हाईक मागितलं की वरचं सगळं आभार गिऱ्हाईकासाठी होतं असं दिसेल. मावशींना असं वाटू नये. ऑफिसचं उद्घाटन झालं की वेगळी पोस्ट टाकू, त्यात सगळं लिहू.

"अडीचला" काढतो. पहिली ओळ मात्र अशीच ठेवतो, सोडलं हे आधी सांगितलेलं बरं, लपवल्यासारखं नको.

चंदगडी_पोरगा

दादा समारंभात पण हेच म्हणा, फुंकरीची गोष्ट. मी आधी चुकीचं समजलो होतो पण आता वाटतं तिथेपण हेच चालेल.

शहापूरकर_आजोबा

बाळ, तू लिहिलेलं वाचून बरं वाटलं. फेटलिंगचं नाव घातलंस, त्यांना कोण विचारत नाही. कन्नडचं काय केलंस?

उद्यमबागचा_मेथडवाला

आजोबा, क्वालिटीतल्या एका मित्राने बसून कन्नडमध्ये लिहून दिलं, व्हॉट्सअॅपवर दोन्ही टाकलं शनिवारी संध्याकाळीच, लेटर मिळाल्यावर. भट्टीच्या पोरांना सेकंड शिफ्ट सुटताना भेटलो, त्यातली तिघं ओडिशाची, त्यांच्याशी हिंदीतच बोललो.

लिंक्डइनवर सोमवारी सकाळी टाकलं. फोटो गेटसमोरचा. मालकांनी स्वतः "शुभेच्छा" लिहिलंय. आता एक नवीनच प्रश्न आलाय. आमच्याच एका ग्राहकाच्या परचेसमधल्या माणसाचा मेसेज आला, "पुढे काय करताय? आमचं एक कास्टिंग आहे, बघाल का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. मी तर बोलावलं नव्हतं, तोच आला. आता काय करायचं?

खानापूरचा_पाव्हणा

बघा! मी म्हणालो होतो ना. घ्या काम.

सुलभा_टिळकवाडी

लगेच घेऊ नका आणि नाहीही म्हणू नका. "धन्यवाद, अजून काही सुरू केलेलं नाही, सुरू झालं की कळवतो" एवढंच लिहा, आणि तो मेसेज आणि तुमचं उत्तर दोन्हीचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण तोच आधी आला हे त्यात दिसतं. त्यांचं कास्टिंग तुमच्या जुन्या कंपनीत ओतलं जातंय की दुसरीकडे, हे विचारा, पण आत्ता नको, ऑफिस सुरू झाल्यावर. तुमच्या जुन्या कंपनीतच ओतलं जात असेल तर त्याचं गेटिंग तुम्हीच केलेलं असेल, ते डिझाइन कंपनीचं आहे, ते तुम्हाला परत वापरता येणार नाही. दुसरीकडचं असेल तर गोष्ट बरीच सोपी. एक वर्षाचं कलम तुमच्याकडे स्वतःहून आलेल्या ग्राहकाला लागू होतं का, हे मात्र मी सांगू शकत नाही, कलमाचे शब्द कसे आहेत त्यावर आहे, "ओढणे" लिहिलंय की "व्यवहार करणे" लिहिलंय. ते पान घेऊन वकिलाकडे जा.

उद्यमबागचा_मेथडवाला

बघितलं आत्ता. दोन्ही शब्द आहेत. उद्या कोर्टाजवळच्या ओळखीच्या वकिलांकडे जातो आणि मग सांगतो.